2.40 चा आकडा: टार्गेट चुकलेल्या, सर्वांना आवडणाऱ्या माणसाचे मानांकन

पार्श्वभूमी

हे प्रकरण नाशिकमधील एका पीकसंरक्षण कंपनीच्या विभागीय कार्यालयातील आहे. विभागीय विक्री व्यवस्थापक मीनल यांनी आपले टिपण आणि संबंधित आकडे मला स्वतः दाखवले. नावे बदलली आहेत आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मीनल यांच्या हाताखाली सहा क्षेत्र अधिकारी होते. त्यांपैकी सुहास यांच्याकडे दिंडोरी आणि निफाड या द्राक्षपट्ट्यातील अकरा कृषी सेवा केंद्रे, म्हणजे कंपनीच्या भाषेत अकरा डीलर होते.

सुहास यांच्याबद्दल कार्यालयात कोणाचीच तक्रार नव्हती. गोदामातील हमालापासून पुण्याच्या लेखा विभागापर्यंत प्रत्येकाला ते नावाने ओळखत, कोणाच्या घरी आजारपण असले तर गाडी घेऊन सर्वांत आधी हजर होत आणि हंगामात कोणत्या शेतकऱ्याच्या बागेत डाऊनी हा बुरशीचा रोग दिसू लागला हे कंपनीच्या तांत्रिक अधिकाऱ्याच्याही आधी त्यांना कळत असे. मीनल यांना ते बैठकीत मॅडम म्हणत आणि बैठकीबाहेर ताई म्हणत.

द्राक्षाचा व्यवहार माहीत नसलेल्या वाचकासाठी एवढे सांगणे आवश्यक आहे की नाशिककडे बागेची छाटणी वर्षातून दोनदा होते. एप्रिलमध्ये खरड छाटणी होते आणि सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, म्हणजे फळछाटणी होते. गोडी छाटणीनंतरचे साधारण दोन महिने बुरशीनाशकांच्या विक्रीसाठी निर्णायक असतात, कारण कोवळी फूट आणि फुलोरा ओल्या हवेत डाऊनीला सर्वाधिक बळी पडतात. शेतकरी मात्र या काळात औषधे बहुतेक उधारीवर नेतो आणि द्राक्ष विकले गेल्यावर, म्हणजे जानेवारी ते एप्रिलमध्ये पैसे देतो. परिणामी डीलरची थकबाकी नेमकी त्याच महिन्यांत फुगत जाते, ज्या महिन्यांत त्याला सर्वाधिक मालाची गरज असते. सुहास यांच्या प्रकरणाचे मूळ या विसंगतीत आहे.

प्रश्न

आर्थिक वर्ष संपले तेव्हा सुहास यांचे टार्गेट 2 कोटी 40 लाखांचे होते आणि निव्वळ विक्री 1 कोटी 87 लाखांची झाली होती, म्हणजे 78 टक्के. मानांकनाचे चार निकष होते आणि प्रत्येकाला 1 ते 5 गुण द्यायचे होते. विक्रीला 50 टक्के भार, वसुलीला 25, शेतकरी मेळावे आणि प्रात्यक्षिकांना 15, तर नवे डीलर जोडण्याला 10. विक्री 75 ते 94 टक्क्यांत असेल तर 2 गुण आणि 95 च्या पुढे 3 किंवा अधिक. वसुलीत 90 दिवसांहून जुनी थकबाकी एकूण येण्याच्या 25 टक्क्यांवर गेली की 1 गुण, 15 ते 25 मध्ये 2 गुण.

सुहास यांना विक्रीत 2, वसुलीत 1, प्रात्यक्षिकांत 5 आणि नव्या डीलरांत 4 गुण पडत होते. भार लावून बेरीज 2.40 येत होती. 2.50 आणि त्यापुढे गेल्यास अंतिम मानांकन 3, म्हणजे 'अपेक्षेनुसार', आणि त्याखाली राहिल्यास 2, म्हणजे 'अपेक्षेपेक्षा कमी'. 3 मिळाल्यास नेहमीची पगारवाढ आणि वर्षाचा प्रोत्साहन भत्ता मिळणार होता. 2 मिळाल्यास नाममात्र वाढ, भत्ता शून्य आणि पुढच्या वर्षीही 2 आल्यास सुधारणा-कार्यक्रम. सुहास यांनी म्हसरूळला सदनिका घेतली आहे आणि तिचा हप्ता सुरू झाला आहे, हे मीनल यांना ठाऊक होते. त्यांना ते ठाऊक नसते तर बरे झाले असते, असे त्यांनी टिपणात लिहिले आहे.

मानांकन भरण्याची मुदत 15 एप्रिलच्या सकाळी 10 वाजता संपत होती. बाकी पाच जणांचे गुण मीनल यांनी आठवडाभर आधीच भरले होते, सुहास यांचे मात्र 14 एप्रिलच्या सुट्टीवर टाकले. दिवसभर इतर कामे निघत गेली, रात्री जयंतीच्या मिरवणुकीचा आवाज थांबून इंदिरानगर शांत झाले आणि दीड वाजला तरी त्या रकान्यासमोर बसूनच होत्या.

रात्रीचा हिशेब

सुरुवातीला मीनल यांनी जे केले ते बहुतेक व्यवस्थापक करतात. त्यांनी कारणे गोळा केली. ऑक्टोबरमध्ये अवकाळी पाऊस झाला होता, एका बुरशीनाशकाचा पुरवठा कंपनीकडूनच बारा दिवस रखडला होता आणि स्पर्धक कंपनीने डीलरांना जादा सवलत दिली होती. तिन्ही कारणे खरी होती. परंतु पावसात बुरशीनाशक अधिक खपते, कमी नव्हे, आणि स्पर्धकाची सवलत जिल्हाभर होती. शेजारच्या चांदवड-देवळा क्षेत्रातील अधिकाऱ्याने त्याच हवेत आणि त्याच सवलतीसमोर 2 कोटी 10 लाखांपैकी 1 कोटी 97 लाख, म्हणजे जवळपास 94 टक्के विक्री केली होती. हा माणूस तुसडा आहे, बैठकीत कोणाशी धड बोलत नाही आणि त्याचे मानांकन भरायला मीनल यांना दहा मिनिटेही लागली नव्हती.

मग त्यांनी 53 लाखांची तूट डीलरनुसार फोडली. माझ्या मते रात्रीला खरे वळण येथे मिळाले, आणि हे काम ऑक्टोबरमध्येही करता आले असते. तुटीतील 33 लाख अकरापैकी फक्त तीन डीलरांकडचे निघाले. आदल्या वर्षी 20 ऑक्टोबर ते 5 डिसेंबर या काळात या तिघांनी मिळून 46 लाखांचा माल उचलला होता, यंदा त्याच काळात 13 लाखांचा. कारणही नोंदींत दिसत होते. जुनी थकबाकी मर्यादेबाहेर गेल्यामुळे संगणक प्रणालीने तिघांची खाती 20 ऑक्टोबरला बंद केली होती. खाते बंद म्हणजे बिल निघत नाही, आणि बिल नाही तर माल नाही. मधल्या काळात थोडाफार माल गेला तो केवळ रोखीने.

म्हणजे विक्री आणि वसुली असे दोन वेगळे अपयश नव्हते. वसुली झाली नाही म्हणून विक्री झाली नाही. आणि वसुली का झाली नाही, याचे उत्तर सुहास सर्वांना का आवडत होते याच उत्तरात दडलेले होते. डीलरसमोर बसून 'आधी जुने पैसे द्या' असे तोंडावर म्हणणे त्यांना जमत नव्हते.

उरलेल्या 20 लाखांपैकी साधारण 8 लाख रखडलेल्या पुरवठ्याचे होते. ते सुहास यांच्या बाजूने धरावेत, असे मीनल यांना वाटले आणि लगेच लक्षात आले की तो पुरवठा सर्वांचाच रखडला होता. एकाला सूट द्यायची तर सहा जणांना द्यावी लागेल. शेजारच्या अधिकाऱ्याला त्याच्या वाट्याचे 5 लाख धरले तर तो 94 वरून 96 टक्क्यांवर जात होता, म्हणजे त्याचा विक्रीचा गुण 2 वरून 3 होत होता. सुहास 8 लाख धरूनही 2 वरच राहत होते. आवडत्या माणसासाठी शोधलेल्या सवलतीचा फायदा नावडत्याला मिळत होता.

तिसरी नोंद मीनल यांच्या स्वतःच्या विरोधात होती. तिघांपैकी निफाड तालुक्यातील एका डीलरने निम्मे पैसे लगेच आणि उरलेल्यांचा धनादेश देण्याची तयारी दाखवली होती. खाते उघडण्याची विनंती सुहास यांनी 24 ऑक्टोबरला मीनल यांना पाठवली होती आणि तशी परवानगी देण्याचा अधिकार त्यांच्याकडे होता. दिवाळीच्या गडबडीत ती विनंती 9 नोव्हेंबरला उघडली गेली, तोवर त्या डीलरच्या गिऱ्हाइकांनी फवारणीची औषधे दुसरीकडून घेतली होती. 33 पैकी 9 लाख त्या एका डीलरचे होते. हे 9 लाख सुहास यांच्या नावावर टाकणे अन्याय ठरेल, हे मीनल यांनी मान्य केले. ते 9 आणि पुरवठ्याचे 8 असे दोन्ही मिळवले तरी सुहास यांची विक्री 2 कोटी 4 लाख, म्हणजे 85 टक्के होत होती. गुण तरीही 2. इतक्या उजळणीनंतर 2.40 जागचे हलले नव्हते.

पर्याय

पहिला पर्याय सर्वांत सोपा होता आणि तो वसुलीच्या रकान्यात दडला होता. 31 मार्चला सुहास यांच्या क्षेत्रात एकूण येणे 60 लाख होते आणि त्यांतील 23 लाख 90 दिवसांहून जुने होते, म्हणजे 38 टक्के. परंतु डीलरांनी दिलेले एप्रिलच्या तारखांचे 11 लाखांचे धनादेश सुहास यांच्या हातात होते. ते वसूल झाले असे धरले तर जुने येणे 12 लाख आणि एकूण येणे 49 लाख राहते, टक्केवारी 24.5 वर येते, वसुलीचा गुण 1 चा 2 होतो आणि बेरीज 2.65. सुहास 3 वर. एका ओळीचा शेरा पुरला असता आणि पुण्यात कोणी तो तपासणार नाही, असेच त्या रात्री वाटत होते. कंपनीचा नियम मात्र धनादेश वटल्यावरच वसुली धरण्याचा होता, आणि या डीलरांपैकी एकाचे दोन धनादेश आधी परत आलेले होते.

दुसरा पर्याय आपल्याकडे फार चालतो. मानांकन 3 द्यायचे आणि एकांतात कडक शब्दांत समज द्यायची. मीनल यांना तो रात्री दोनच्या सुमारास फार शहाणपणाचा वाटला होता. त्यातील अडचण अशी की माणूस पगारपत्रक वाचतो, समज विसरतो. शिवाय पुढच्या वर्षी खरोखर 2 देण्याची वेळ आली, तर कागदावर 'अपेक्षेनुसार' काम करणारा माणूस एकाएकी कसा घसरला, याचे उत्तर व्यवस्थापकालाच द्यावे लागते.

तिसरा पर्याय 2 देऊन प्रात्यक्षिकांतील कामासाठी एखादे विशेष पारितोषिक सुचवण्याचा होता. हा मला तितका वाईट वाटत नाही, पण दोन्ही एकाच दिवशी हातात पडले तर पारितोषिक लाच दिल्यासारखे दिसते. चौथा, आकडे जसेच्या तसे भरून निर्णय मानांकने अंतिम करणाऱ्या पुण्याच्या बैठकीवर सोपवण्याचा पर्याय मीनल यांनी लवकर सोडला, कारण त्या बैठकीत सुहास यांना ओळखणारे त्यांच्याशिवाय कोणी नव्हते.

पाचवा पर्याय म्हणजे 2 देणे आणि तो कशाचा आहे व कशाचा नाही, हे शेऱ्यात स्वच्छ लिहिणे.

येथे एक आडवळण घेतो. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ एडवर्ड थॉर्नडाइक यांनी 1920 मध्ये लष्करी अधिकाऱ्यांनी आपल्या हाताखालच्यांना दिलेले गुण तपासले, तेव्हा देहयष्टी, बुद्धी, नेतृत्व आणि स्वभाव या वेगवेगळ्या गोष्टींचे गुण संशय यावा इतके एकमेकांशी जुळताना आढळले. एका बाबतीत चांगला वाटलेला माणूस सगळ्याच बाबतीत चांगला ठरत होता. मीनल यांच्या बाबतीत गंमत अशी की भरलेल्या आकड्यांत हा दोष नव्हता. प्रात्यक्षिकांचे 5 आणि वसुलीचा 1 त्यांनी अचूक वेगळे ठेवले होते. दोष सहा महिने आधी घडला होता.

निर्णय आणि कृती

अडीचच्या सुमारास मीनल यांनी सुहास यांचा ऑक्टोबरमधील सहामाही आढावा उघडला. त्यात त्यांच्याच हातचा शेरा होता: 'शेतकऱ्यांशी उत्तम संबंध. असेच चालू ठेवा.' त्या आढाव्यातील सहामाही संपताना, म्हणजे सप्टेंबरअखेरीस, जुनी थकबाकी आधीच 29 टक्क्यांवर होती. थकबाकीचा वयवार तक्ता दर महिन्याच्या 5 तारखेला त्यांच्या मेलमध्ये येत होता. त्यांनी तो उघडला नव्हता. विक्रीचा आलेख बरा दिसत होता, आणि सुहास यांच्याबद्दल काळजी करण्याची सवय कोणालाच नव्हती.

या शेऱ्यामुळे 3 द्यावे का, हा त्या रात्रीचा सर्वांत अवघड प्रश्न होता. वेळेवर न सांगितलेल्या चुकीची शिक्षा कशी द्यायची? मीनल यांनी शेवटी असे ठरवले की न सांगण्याचा दोष आपला आहे आणि तो आपल्या नावावर लिहायचा, परंतु त्यासाठी वसुलीचा आकडा बदलायचा नाही. या निर्णयाशी सहमत नसलेले अनुभवी लोक मला भेटले आहेत. त्यांच्या मते मध्यावर इशारा नसेल तर शेवटी कमी मानांकन देऊच नये. मला त्यांचे म्हणणे अर्धेच पटते, कारण खाती बंद झाल्याचे सुहास यांना 20 ऑक्टोबरलाच कळले होते. त्यांना आधी काय माहीत होते, एवढाच प्रश्न उरत होता.

तो मीनल यांनी सकाळी सात वाजता विचारला. पुण्याच्या बैठकीआधी मानांकन सांगण्यास मनाई होती, तथ्य विचारण्यास नव्हती. सुहास खरड छाटणीनंतरच्या एका प्रात्यक्षिकासाठी दिंडोरीच्या वाटेवर होते.

"सुहास, त्या तिघांची जुनी बाकी मर्यादेच्या वर चालली आहे, हे तुम्हाला सप्टेंबरमध्ये माहीत होतं का?"

"होतं ना ताई."

"मग मागितली का नाही?"

"एकाच्या मुलीचं लग्न होतं. दुसरे नाना वडिलांच्या वयाचे, त्यांना तोंडावर कसं म्हणणार? मला वाटलं, दिवाळीपर्यंत देतील."

"त्यांना सांगितलं होतं का, की खातं बंद पडेल?"

सुहास काही क्षण गप्प राहिले. "नाही सांगितलं."

पावणेदहाला मीनल यांनी 2 भरला. शेऱ्यात तीन गोष्टी लिहिल्या. तुटीपैकी 24 लाख वेळेवर न झालेल्या वसुलीमुळे आहेत. 9 लाख माझ्याकडून परवानगीस झालेल्या विलंबामुळे आहेत आणि ते अधिकाऱ्याच्या कामगिरीत धरू नयेत. सहामाही आढाव्यात वसुलीचा मुद्दा मी नोंदवला नव्हता.

परिणाम

पुण्याच्या बैठकीत घडले ते अपेक्षेच्या उलट होते. तेथे सुहास यांना 1 द्यावा, असा सूर निघाला, कारण विभागात सर्वांत खालच्या श्रेणीत कोणीच नव्हते आणि 78 टक्के हा आकडा तक्त्यात सर्वांत तळाशी होता. मीनल यांना 2 टिकवण्यासाठी बोलावे लागले. डीलरवार फोड, 9 लाखांची कबुली आणि प्रात्यक्षिकांची नोंद समोर असल्यामुळे 2 टिकला. आकडा रात्री फुगवून 3 केला असता तर चर्चेत पहिला प्रश्न धनादेशांवरच आला असता. त्या धनादेशांचे पुढे काय झाले, तेही सांगतो: 11 लाखांपैकी एप्रिलअखेर 7 लाख वटले, 4 लाखांचे परत आले. वटलेले धरूनही जुनी थकबाकी 30 टक्के राहिली असती, म्हणजे गुण 1 चा 1 च. अर्थात त्या रात्री हे कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते, त्यामुळे निर्णय बरोबर ठरल्याचा पुरावा म्हणून मी ते देत नाही.

परवानगीच्या विलंबाची नोंद मीनल यांच्या स्वतःच्या आढाव्यात वरिष्ठांनी केली.

सुहास यांना मानांकन मीनल यांनी समोर बसवून सांगितले. त्यांनी शेरा दोनदा वाचला. रागावले नाहीत, हप्त्याचा विषयही काढला नाही. फक्त म्हणाले, "ऑक्टोबरमध्ये तुम्ही काही बोलला नाहीत." मीनल यांनी होय म्हटले. त्यावर त्यांच्याकडे दुसरे उत्तर नव्हते आणि त्यांनी ते शोधलेही नाही.

त्यानंतर दोन गोष्टी ठरल्या. दर महिन्याच्या 6 तारखेला थकबाकीचा तक्ता दोघांनी एकत्र पाहायचा, आणि गोडी छाटणीच्या आधी, 20 ऑगस्ट ते 15 सप्टेंबर या काळात अकराही डीलरांकडे वसुलीची फेरी करायची, ज्यातल्या पहिल्या चार भेटींना मीनल स्वतः जातील. डीलरला खाते बंद होण्याची तारीख तोंडी आणि लेखी अशी दोन्ही प्रकारे तीन आठवडे आधी सांगायची. नानांच्या दुकानात पहिली भेट झाली तेव्हा सुहास बराच वेळ पावसाबद्दल बोलत राहिले आणि मीनल यांनी मुद्दाम तोंड उघडले नाही. चहा संपल्यावर सुहास यांनीच वही काढली. नानांनी बाकीचा निम्मा हिस्सा त्याच आठवड्यात दिला.

सप्टेंबरअखेर जुनी थकबाकी 19 टक्क्यांवर आली आणि त्या हंगामात एकही खाते बंद पडले नाही. एक डीलर मात्र तगाद्याला वैतागून स्पर्धकाकडे गेला आणि त्याची विक्री परत आली नाही.

वेगळे काय करता आले असते

मीनल यांच्या मते चूक एकच होती, ऑक्टोबरचा शेरा. मी त्यात आणखी एक भर घालेन. निकषांची रचनाच अशी होती की वसुलीला 25 टक्के भार होता, पण द्राक्षपट्ट्यात वसुली हीच विक्रीची पूर्वअट आहे. क्षेत्र अधिकाऱ्याला वर्षभर विक्रीचा आकडा रोज दिसत होता आणि थकबाकीचा आकडा केवळ व्यवस्थापकाच्या मेलमध्ये होता. गोड स्वभावाच्या माणसाने कशाकडे पाहावे, हे त्या मांडणीनेच ठरवून टाकले होते. पुढच्या वर्षी थकबाकीचा आकडा अधिकाऱ्यांच्या मोबाइलवरील तक्त्यात आला. भार मात्र 25 च राहिला, कारण तो ठरवण्याचा अधिकार नाशिकला नाही.

दुसरी गोष्ट, 5 आणि 4 हे गुण त्या रात्री केवळ बेरजेत गेले. प्रात्यक्षिकांत 5 आणि वसुलीत 1 मिळवणारा माणूस योग्य जागी आहे का, हा प्रश्न एप्रिलमध्ये कोणी विचारला नाही. तो पुढच्या जानेवारीत सुहास यांनी स्वतःच विचारला आणि पीकविकास अधिकाऱ्याच्या रिकाम्या जागेसाठी अर्ज दिला. त्या पदाला प्रोत्साहन भत्ता कमी आहे आणि वसुली मुळीच नाही. मीनल यांनी शिफारस त्याच दिवशी पाठवली.

आता ते दोघे एकाच इमारतीत, वेगळ्या मजल्यांवर बसतात. हंगामात सुहास यांच्याकडून द्राक्षांची पेटी कार्यालयात अजूनही येते आणि ती सर्वांसाठी असते. बैठकीबाहेरही ते आता मीनल यांना मॅडमच म्हणतात.